अंदाजपंचे खुणा करून पास व्हायची शक्यता किती?

प्रश्न: २० बहुपर्यायी प्रश्न आहेत, प्रत्येकाला ४ पर्याय, एकच बरोबर. पास व्हायला ४०% म्हणजे ८ बरोबर लागतात. मला काहीच येत नसेल आणि सगळीकडे नुसत्या अंदाजाने खूण केली, तर पास व्हायची शक्यता किती? सरासरी ५ बरोबर येतील एवढं कळतं, पुढचं गणित अडतं. आणि सगळीकडे एकच पर्याय निवडला तर काही फरक पडतो का?

उत्तर:

शक्यता १०.२% आहे, म्हणजे साधारण दहात एक. बहुतेकांना हा आकडा अपेक्षेपेक्षा मोठा वाटतो. सरासरी ५ आणि लागतात ८, त्यामुळे दोघांमधलं अंतर पुष्कळ आहे असं वाटतं. ते तसं नाही, आणि का नाही ते गणित मांडलं की लगेच दिसतं.

प्रत्येक प्रश्नावर तुमची खूण बरोबर पडण्याची संभाव्यता १/४ आणि चुकण्याची ३/४. एका प्रश्नाचा निकाल दुसऱ्यावर परिणाम करत नाही. अशा वेळी नेमके r प्रश्न बरोबर येण्याची संभाव्यता द्विपद वितरणाने मिळते:

```
P(r) = C(n, r) * p^r * (1-p)^(n-r)
n = 20, p = 0.25
```

यातला `p^r * (1-p)^(n-r)` हा भाग एखाद्या ठरावीक क्रमाची शक्यता सांगतो. उदाहरणार्थ, पहिले ८ बरोबर आणि उरलेले १२ चूक. पण ८ बरोबर उत्तरं २० पैकी कुठल्याही ८ जागांवर पडू शकतात, आणि अशा जागा निवडण्याच्या रीती म्हणजे `C(20, 8)`, एकूण १,२५,९७०. म्हणून गुणाकार. सूत्र पाठ असूनही ज्यांचं उत्तर चुकतं, त्यांची गाडी बहुधा इथेच अडलेली असते: हा `C` विसरला की उत्तर लाखभर पटींनी लहान येतं आणि माणूस म्हणतो, «अंदाजाने पास होणं अशक्यच आहे».

नेमक्या ८ ची किंमत काढू. १,२५,९७० भागिले ६५,५३६ (म्हणजे ४ चा ८ वा घात) हे १.९२२ होतं. ०.७५ चा १२ वा घात ०.०३१६८. दोघांचा गुणाकार ०.०६०९. म्हणजे नेमके ८ बरोबर येण्याची शक्यता ६.१%.

पण पास व्हायला नेमके ८ लागत नाहीत, ८ किंवा जास्त लागतात. म्हणून ८, ९, १०, ११ असं वरपर्यंत सगळं मिळवायचं. त्यासाठी प्रत्येक वेळी सूत्र नव्याने घालायची गरज नाही. आधीच्या पदावरून पुढचं पद मिळतं:

```
P(r+1) = P(r) * (n-r)/(r+1) * p/(1-p)
```

इथे `p/(1-p)` म्हणजे १/३. त्यामुळे ८ वरून ९ ला जाताना ०.०६०९ ला १२/९ ने आणि मग १/३ ने गुणायचं: ०.०२७१. पुढे ९ वरून १० ला ११/१० आणि १/३: ०.००९९. मग ११ साठी ०.००३०, १२ साठी ०.०००८, १३ साठी ०.०००२. त्यापुढची पदं चौथ्या दशांश स्थळापर्यंत दिसतसुद्धा नाहीत. दशांश मध्येच न कापता केलेली बेरीज ०.१०१८. कागद, पेन आणि साधा कॅल्क्युलेटर असेल तर हे पाच मिनिटांचं काम आहे.

संगणकावर करायचं असेल तर स्प्रेडशीटमध्ये एक ओळ पुरते:

```
=1-BINOM.DIST(7, 20, 0.25, TRUE)
```

इथला ७ नीट पाहा. `TRUE` दिल्यावर हे सूत्र «७ किंवा कमी» ची संभाव्यता देतं. ती १ मधून वजा केली की «८ किंवा जास्त» उरतं. सवयीने ७ च्या जागी ८ टाकला तर उरतं «९ किंवा जास्त», आणि उत्तर येतं ४.१%. म्हणजे एका अंकाच्या घसरणीने शक्यता निम्म्याहून कमी दिसते, आणि आकडा बघून काही चुकलंय असं वाटतही नाही. खात्री करायची सोपी रीत अशी: तेच सूत्र `FALSE` लावून ८ पासून वरच्या चार-पाच पदांसाठी वेगवेगळं चालवा आणि बेरीज जुळते का बघा. पायथनमध्ये थेट बेरीजच घेता येते, तिथे हा घोळ होत नाही:

```python
from math import comb
n, k, p = 20, 8, 0.25
print(sum(comb(n, r) * p**r * (1-p)**(n-r)
          for r in range(k, n+1)))
```

काही जण द्विपद वितरण टाळून प्रसामान्य वितरणाचा तक्ता उघडतात. सरासरी ५, प्रमाण विचलन √(२० × ०.२५ × ०.७५) म्हणजे १.९४, आणि ८ हे सरासरीपासून १.५५ विचलनं दूर. तक्ता सांगतो ६.१%. खरं उत्तर १०.२% असताना ही चूक फार मोठी आहे. कारण गुण पूर्णांकात मिळतात आणि प्रसामान्य वक्र सलग असतो, त्यामुळे ८ चा अर्धा खांब कापला जातो. ८ ऐवजी ७.५ घेतलं तर उत्तर ९.८% येतं, ते चालण्यासारखं आहे. पण वीस प्रश्नांसाठी अंदाजी सूत्र वापरायचं कारणच काय? अचूक उत्तर एका ओळीत मिळत असताना ही आडवाट धरू नये. हाताने पटकन अदमास घ्यायचा असेल तेव्हाच ७.५ ची युक्ती लक्षात ठेवा.

आता एकच पर्याय सगळीकडे निवडण्याबद्दल. सरासरीला काही फरक पडत नाही, पास होण्याच्या शक्यतेला मात्र खूप पडू शकतो.

समजा पेपर काढणाऱ्याने उत्तरतालिका समतोल ठेवली आहे: ५ प्रश्नांची उत्तरं अ, ५ ची ब, ५ ची क, ५ ची ड. बरेच जण असं मुद्दाम करतात. तुम्ही वीसही ठिकाणी «ब» वर खूण केलीत, तर तुमचे बरोबर ५ प्रश्न येणार. चार नाहीत, सहा नाहीत, नेमके ५. म्हणजे पास होण्याची शक्यता १०.२% नाही, शून्य. सरासरी तीच राहिली, पण सरासरीच्या आजूबाजूचा पसारा नाहीसा झाला. आणि तुमची सरासरी पास होण्याच्या रेघेखाली आहे, तेव्हा तुम्हाला रेघेपलीकडे नेऊ शकेल असा हा पसाराच असतो.

उलटही खरं आहे. पास व्हायला फक्त ५ लागत असते, तर समतोल तालिकेसमोर एकच पर्याय लावणारा हमखास पास झाला असता आणि वेगवेगळ्या खुणा करणारा ५८.५% वेळा.

मग द्विपद वितरण केव्हा बिनचूक लागू पडतं? एकतर तुमच्या खुणा प्रत्येक प्रश्नाला स्वतंत्रपणे, चारही पर्यायांना समान संधी देऊन पडल्या पाहिजेत, किंवा उत्तरतालिका तशी बनलेली पाहिजे. दोन्हींपैकी एक पुरे. तुमच्या खुणा खऱ्या अर्थाने यादृच्छिक असतील, तर तालिका समतोल असो, एका बाजूला झुकलेली असो, की पेपर काढणाऱ्याला «क» ची फार आवड असो, गणितात काही बदलत नाही. आणि तालिका प्रत्येक प्रश्नासाठी नव्याने यादृच्छिक बनलेली असेल, तर तुम्ही सगळीकडे «ब» लावलात तरी शक्यता १०.२% च राहते.

यादृच्छिक खुणा करायची घरगुती रीत म्हणजे नाणं दोनदा उडवणं. छापा-छापा आला तर अ, छापा-काटा तर ब, काटा-छापा तर क, काटा-काटा तर ड. मनाने «यादृच्छिक» निवडायला गेलं की माणूस एकच अक्षर लागोपाठ तीनदा लिहायला कचरतो. खरं नाणं मात्र बिनधास्त तेच तेच देतं.

टक्केवारीपेक्षा प्रश्नांची संख्या जास्त बोलते. पास होण्याची अट ४०% च ठेवून प्रश्न वाढवले तर काय होतं ते बघा. ५० प्रश्नांत २० लागतात, शक्यता १.४%. १०० प्रश्नांत ४० लागतात, शक्यता ०.०७%, म्हणजे दहा हजारांत सातेक माणसं. अट शब्दशः तीच, आणि दहात एक वरून आपण हजारात एकाच्याही खाली आलो.

कारण असं की प्रश्न पाचपट झाले की सरासरी आणि पास-रेघ यांच्यातलं अंतरही पाचपट होतं: २० प्रश्नांत ३, १०० प्रश्नांत १५. पण पसारा, म्हणजे प्रमाण विचलन, पाचपट होत नाही. ते पाचाच्या वर्गमुळाइतकं, सव्वादोन पटींनी वाढतं: १.९४ वरून ४.३३. म्हणून २० प्रश्नांत रेघ दीड विचलनावर असते आणि १०० प्रश्नांत जवळजवळ साडेतीन विचलनांवर. लहान चाचणीत नशिबाला हातपाय पसरायला जागा असते, मोठ्या चाचणीत ती उरत नाही. कुणी «पास व्हायला ४०% हवेत» एवढंच सांगून अंदाजाने पास होण्याची शक्यता विचारली, तर पहिला प्रश्न विचारायचा: प्रश्न किती?

«काहीच येत नाही» हे गृहीतक सगळ्यात नाजूक आहे. प्रत्यक्षात ते क्वचितच पूर्ण खरं असतं, आणि ते थोडंसं ढळलं तरी उत्तर प्रचंड बदलतं.

समजा २० पैकी ४ प्रश्न तुम्हाला पक्के येतात, उरलेल्या १६ वर अंदाज. आता लागणारे ८ पैकी ४ हातात आहेत, तेव्हा १६ प्रश्नांत ४ किंवा जास्त बरोबर यायला हवेत. `n` च्या जागी १६ आणि `k` च्या जागी ४ घाला, उत्तर ५९.५%. चार प्रश्न म्हणजे पेपरचा पाचवा भाग, पण त्यांनी शक्यता दहात एक वरून दहात सहावर नेली. मधली पायरी बघायची असेल तर २ पक्के येत असतील तेव्हा २८%, ३ येत असतील तेव्हा ४३% आणि ५ येत असतील तर ७६%.

इथे एक चूक वारंवार दिसते. लोक `n` २० च ठेवतात आणि `p` वाढवतात: ४ पक्के अधिक १६ चा पाव म्हणजे सरासरी ८, म्हणून `p = 8/20 = 0.4`. उत्तर येतं ५८.४%, खऱ्या ५९.५% च्या इतकं जवळ की रीत बरोबरच वाटते. पण ७ पक्के येत असतील तेव्हा ती उघडी पडते. खरं गणित सांगतं की उरलेल्या १३ पैकी फक्त एक लागायला हवा, शक्यता ९७.६%. सरासरी `p` ची रीत सांगते ८९% च्या आसपास. चूक अशी की त्या रीतीत तुमचे पक्के येणारे प्रश्नही «कदाचित चुकतील» या ढिगात जातात आणि पसारा उगाच फुगतो. पक्कं येणारं बाजूला काढायचं आणि द्विपद वितरण फक्त उरलेल्यावर लावायचं. चूक-बरोबर स्वरूपाचे आणि चार पर्यायांचे प्रश्न एकाच पेपरात मिसळलेले असतील तेव्हाही हेच: दोन गटांची दोन वितरणं काढून मग ती जुळवायची, सरासरी `p` घ्यायचा नाही.

दुसरा प्रकार म्हणजे उत्तर येत नाही, पण एखादा पर्याय नक्की चूक आहे हे कळतं. प्रत्येक प्रश्नात असा एक पर्याय खोडता आला, तर `p` ०.२५ ऐवजी १/३ होतो आणि पास होण्याची शक्यता १०.२% वरून ३३.९% वर उडी मारते. एका प्रश्नापुरता फरक आठच टक्क्यांचा आहे, पण वीस प्रश्न मिळून तो तिपटीहून जास्त होतो. पेपर काढणाऱ्यांनी हे जास्त मनावर घ्यायला हवं. चौथा पर्याय सुचत नाही म्हणून काहीतरी हास्यास्पद टाकलं, की कागदावर चार पर्याय दिसतात पण गणित तीन पर्यायांचं होतं. आपल्या पेपरात असं झालंय का हे तपासायचं असेल तर आधीच्या उत्तरपत्रिकांत प्रत्येक पर्याय किती जणांनी निवडला ते मोजा. ज्या पर्यायाकडे जवळजवळ कुणीच फिरकलं नाही, तो पर्याय मोजू नका आणि `p` नव्याने काढा.

चुकीला गुण कापत असतील तर. समजा बरोबरला १ आणि चुकीला −१/३. चार पर्यायांसाठी हा आकडा मुद्दाम निवडलेला असतो, कारण मग अंदाजाची सरासरी कमाई नेमकी शून्य होते: चारात एकदा १ मिळतो, तीनदा १/३ जातो. ८ गुणांसाठी आता किती बरोबर लागतात? X बरोबर आणि २० − X चूक धरून:

```
X - (20 - X)/3 >= 8
4X - 20 >= 24
X >= 11
```

म्हणजे ८ च्या जागी ११. शक्यता ०.३९%, अडीचशेत एक. दहात एक वरून थेट इथपर्यंत.

चुकीला १/३ ऐवजी १/४ कापले तर? १० बरोबर आणि १० चूक म्हणजे १० − २.५ = ७.५, तरीही ८ च्या खाली. ११ बरोबर असतील तेव्हाच ८.७५ होतात. म्हणजे इथेही ११ च लागतात आणि शक्यता तीच ०.३९% राहते. कापणी सौम्य झाली पण निर्णय बदलला नाही, कारण बरोबर उत्तरांची संख्या पूर्णांकातच वाढते. म्हणून निगेटिव्ह मार्किंग असलेल्या पेपरात आधी वरच्यासारखी असमानता सोडवून «किमान किती बरोबर» हा पूर्णांक काढायचा, मग द्विपद वितरणाकडे जायचं. गुणांची सरासरी आणि विचलन घेऊन थेट तक्त्यात जाणारे इथे फसतात.

काही जण विचारतात की गुण कापतात तर काही प्रश्न सोडून द्यावेत का. ज्याला खरंच काहीच येत नाही आणि ज्याला फक्त पास व्हायचंय, त्याने सोडू नयेत. १६ च प्रश्नांना खुणा केल्या आणि ४ कोरे ठेवले, तर १६ पैकी १० बरोबर लागतात आणि शक्यता ०.१६% उरते, वीसही सोडवले त्याच्या निम्म्याहून कमी. कारण तेच जे एकाच पर्यायाच्या बाबतीत होतं: खालच्या बाजूला असलेल्याला पसारा हवा असतो, आणि कोरे प्रश्न पसारा कमी करतात. जो आत्ताच रेघेच्या वर आहे त्याचा हिशेब मात्र नेमका उलटा. तुमचे ९ पक्के असतील, तर उरलेल्यांना हात न लावणं म्हणजे १००% पास.

हा आकडा कशासाठी वापरू नये. १०.२% म्हणजे «अंदाज करणाऱ्याची पास होण्याची शक्यता». लोक तो सहज उलटा वाचतात: «हा पास झालाय, म्हणजे याने अंदाज केला असण्याची शक्यता फक्त १०%». या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला एकूण परीक्षार्थींत अंदाज करणारे किती होते ते माहीत असावं लागतं.

१०० जण बसले असं धरा. त्यांत ९० जणांना काहीच येत नाही आणि १० जण अभ्यास करून आलेत, ज्यांची पास होण्याची शक्यता ९०% आहे. अभ्यास केलेल्यांपैकी साधारण ९ पास होतील, आणि अंदाज करणाऱ्या ९० पैकी १०.२% म्हणजे तेही साधारण ९. पास झालेल्या अठरांत निम्मे अंदाजाचे निघाले! उलट १०० पैकी ३० च जण अंदाज करणारे असतील, तर पास होणाऱ्या साधारण ६६ पैकी ३ च त्यांतले असतात. परीक्षा तीच, १०.२% तोच, आणि निकालाचा अर्थ अगदी वेगळा.

पास-रेघ तुम्हालाच ठरवायची असेल तर गणित उलट्या बाजूने चालवा. अंदाजाने पास होण्याची शक्यता १% च्या आत ठेवायची आहे, तर स्प्रेडशीटमध्ये:

```
=BINOM.INV(20, 0.25, 0.99) + 1
```

`BINOM.INV` अशी सगळ्यात लहान संख्या देतं की तितके किंवा कमी बरोबर येण्याची संभाव्यता किमान ९९% असते. २० प्रश्नांसाठी ती १० येते, म्हणून रेघ ११ वर. ते `+ 1` विसरलं की रेघ १० वर राहते आणि शक्यता १.४%. ५० प्रश्नांसाठी रेघ २१ वर येते, १०० साठी ३६ वर. टक्केवारीत पाहिलं तर ५५, ४२ आणि ३६. लहान चाचणीसाठी रेघ निम्म्याच्या वर न्यावी लागते, हे ऐकून अनेकांना पटत नाही, पण १% हवा असेल तर दुसरा इलाज फक्त प्रश्न वाढवण्याचा आहे.

परीक्षा पुन्हा देता येत असेल तर हा हिशेब एका संधीचा आहे हे विसरू नका. दर वेळी नवे प्रश्न धरले, तर ८ च्या रेघेवर तीन संधींत निदान एकदा पास होण्याची शक्यता १ − ०.८९८२³, म्हणजे २७.५%. रेघ ११ वर नेली तरी तीन संधींत ती १.२% होते. तिन्ही संधी धरून १% च्या आत राहायचं असेल तर २० प्रश्नांच्या चाचणीत १२ बरोबर मागावे लागतील, तेव्हा ती ०.२८% वर येते.